BETWEEN 10 AND 20 मध्ये १० आणि २० दोन्ही धरतात का? दूध बिलात २० तारीख गायब

नदीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी आमच्या गावच्या दूध संस्थेत संगणकाचं काम बघतो. सकाळ-संध्याकाळ संकलन होतं, काट्यावरचे लिटर थेट नोंदले जातात आणि दर १० दिवसांनी बिल निघतं. १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर असे तीन हप्ते. डेटाबेस मायएसक्यूएल आहे. जुन्या ऑपरेटरने नोकरी सोडली, तेव्हापासून क्वेरी मीच लिहितो. थोडंफार शिकून लिहितो, त्यामुळे चूक असेल तर स्पष्ट सांगा.

मे महिन्याचं ११ ते २० चं बिल वाटलं आणि दुसऱ्याच दिवशी ४७ नंबरचे सभासद कार्ड घेऊन आले. कार्डावर २० नोंदी, एकूण २१४.५ लिटर. बिलात १८ नोंदी, १९३ लिटर. फरक २१.५ लिटरचा. कार्डावर बोट ठेवून बघितलं तर २० तारखेचं सकाळचं ११ आणि संध्याकाळचं १०.५ लिटर बिलात नव्हतं. क्वेरी अशी आहे:

```sql
SELECT sabhasad_no, COUNT(*), SUM(liter)
FROM sankalan
WHERE vel BETWEEN '2025-05-11' AND '2025-05-20'
GROUP BY sabhasad_no;
```

यावरून मला वाटलं की BETWEEN शेवटचं टोक धरत नाही. पण प्रोत्साहन रकमेच्या क्वेरीत नेमकं उलटं दिसतंय. एका वेळचं दूध १० ते २० लिटर असेल तर लिटरमागे २५ पैसे, २० ते ३० असेल तर ५० पैसे, १० च्या आत काही नाही. तिथंही BETWEEN च आहे. ज्याचं दूध बरोबर २०.० लिटर भरलं त्याला दोन्ही टप्प्यांचे पैसे लागलेत, म्हणजे ५ आणि १० मिळून १५ रुपये. इथं २० धरला, तिथं धरला नाही. एकाच शब्दाचे दोन न्याय कसे? नेमका नियम काय आहे?

---

गणितमास्तर

मी २६ वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं, त्या अनुभवावर सांगतो. "१० आणि २० च्या दरम्यानच्या नैसर्गिक संख्या" म्हटलं की उत्तर ११ ते १९, एकूण ९. टोकं त्यात येत नाहीत. सांख्यिकीत १०-२०, २०-३० असे सलग वर्ग असतील तर २० हा प्राप्तांक २०-३० मध्ये मोजायचा, हे मुलांना नववीतच शिकवतो. त्यामुळे तुमची तारखेची क्वेरी नियमाने वागली, प्रोत्साहनाच्या क्वेरीत सॉफ्टवेअरचा दोष दिसतो.

---

विदागार

मास्तर, वर्गांबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि ते पुढे कामाला येणार आहे. पण एसक्यूएलचा BETWEEN वर्गातल्या भाषेसारखा चालत नाही. तो दोन्ही टोकं धरतो. मायएसक्यूएल असो, पोस्टग्रेस असो की ओरॅकल, नियम हाच. नदीकाठ, माझ्या शब्दावर जाऊ नका. हे चालवून बघा:

```sql
SELECT 9 BETWEEN 10 AND 20, 10 BETWEEN 10 AND 20,
       20 BETWEEN 10 AND 20, 21 BETWEEN 10 AND 20;
```

उत्तर 0, 1, 1, 0 येईल. रेंजबद्दल शंका आली की टोकाच्या चारच किमती तपासायच्या: दोन टोकं आणि त्यांच्या लगेच बाहेरच्या दोन. मधल्या १५ वर तपासून काहीच कळत नाही, तो नेहमी आतच असतो.

मग २० तारीख का गेली? क्वेरीने २० धरली आहे. पण तुम्ही जी २० लिहिली ती पूर्ण दिवस नाही, एक क्षण आहे. `vel` हा कॉलम DATETIME असणार, त्यात तारीख आणि वेळ दोन्ही असतात. तुम्ही फक्त '2025-05-20' लिहिलंत तर डेटाबेस ती '2025-05-20 00:00:00' समजतो, म्हणजे १९ तारीख संपून २० सुरू होते ती मध्यरात्र. तो क्षण धरलेला आहे. सकाळी ६:४० ला आलेलं दूध त्याच्यानंतरचं, म्हणून बाहेर.

एक सांगा. सगळ्याच सभासदांच्या दोन-दोन नोंदी गेल्यात का? कुणाची एकच गेलीय असं आहे का?

---

नदीकाठ

चालवून बघितलं, 0, 1, 1, 0 च आलं. आणि तुम्ही विचारलंत ते बरोबर नेमकं होतं. रोज दोन्ही वेळ दूध घालणाऱ्यांत बहुतेकांच्या १८ नोंदी आहेत, पण १४ सभासदांच्या १९ आहेत. त्यांची २० तारखेची सकाळची नोंद बिलात आलीय, संध्याकाळची नाही. याचं कारण काही समजेना.

---

विदागार

त्या १४ नोंदींचा `vel` उघडून बघा. वेळ 00:00:00 असेल.

---

नदीकाठ

अगदी तसंच आहे. १४ च्या १४ नोंदींना 00:00:00. आता आठवलं, २० तारखेला पहाटे लाईट नव्हती. सात वाजेपर्यंत वहीत लिहिलं आणि नंतर हाताने भरलं. हाताने भरायच्या फॉर्ममध्ये फक्त तारीख टाकायची सोय आहे, वेळ नाही.

म्हणूनच मला आधी शंका आली नाही. बिल वाटण्यापूर्वी मी रिपोर्ट चाळला होता. २० तारखेच्या काही ओळी त्यात दिसल्या, म्हणून २० आलीय असं धरून चाललो.

---

पाऊलवाट_सातारा

सोपा उपाय: शेवटची तारीख एक दिवस पुढे लिहायची. `BETWEEN '2025-05-11' AND '2025-05-21'`. आम्ही ऊसतोडणीच्या नोंदींना वर्षानुवर्षं हेच करतो. २१ च्या मध्यरात्री कोण वजन करायला येतंय? नाहीतर `AND '2025-05-20 23:59:59'` लिहा.

---

विदागार

पाऊलवाट, तुमच्याकडे प्रत्येक नोंद काट्यावरूनच येत असेल तर हे निभावेल. नदीकाठच्या संस्थेत ते धोक्याचं आहे, आणि कारण त्यांनी वरच सांगितलंय. हाताने भरलेल्या नोंदीला 00:00:00 लागतं. समजा २१ तारखेला लाईट गेली. मग वहीतून भरलेली २१ ची नोंद बरोबर मध्यरात्रीवर बसेल. BETWEEN शेवटचं टोक धरतो, म्हणून ती ११ ते २० च्या बिलात येईल, आणि २१ ते अखेरच्या बिलातही येईल. एकाच दुधाचे दोनदा पैसे.

23:59:59 चं म्हणाल तर साध्या DATETIME कॉलमला ते चालतं, कारण त्यात सेकंदाचे भाग साठवले जात नाहीत. उद्या कुणी कॉलम DATETIME(3) केला की शेवटच्या सेकंदातल्या नोंदी सुटतील. दुधाला तेवढं बारीक लागणार नाही, पण जी क्वेरी लिहिताना "शेवटचा क्षण कोणता" हे आठवावं लागतं ती मला पटत नाही. असं लिहा:

```sql
WHERE vel >= '2025-05-11' AND vel < '2025-05-21'
```

सुरुवात धरायची आणि पुढच्या हप्त्याची सुरुवात सोडायची. या हप्त्याचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात एकच आकडा होतो, त्यामुळे एकही नोंद दोघांत येत नाही आणि एकही मधे पडत नाही. महिना २८ चा की ३१ चा हेही बघावं लागत नाही, २१ पासून पुढच्या १ तारखेच्या आत एवढंच.

`DATE(vel) BETWEEN '2025-05-11' AND '2025-05-20'` असंही लिहिता येतं आणि उत्तर बरोबरच येतं. पण प्रत्येक ओळीची वेळ काढून टाकायला लागते आणि `vel` वर इंडेक्स असला तरी त्याचा उपयोग होत नाही. तुमच्या संस्थेच्या नोंदी पाहता फरक जाणवणार नाही. वाचायला ते सोपं वाटत असेल तर बिनदिक्कत वापरा.

---

निशिगंध_डोंबिवली

माझा प्रश्न याच्याशी जुळतो म्हणून इथेच विचारते. आमच्या गृहसंस्थेच्या नोटिशीत आहे, "मेंटेनन्स १० ते २० तारखेदरम्यान भरावा, २० तारखेनंतर दंड आकारला जाईल." मी २० ला रात्री नऊ वाजता मोबाईलवरून भरला. संस्थेच्या पासबुकात तो २१ ला दिसतो म्हणून १०० रुपये दंड लावला. वरच्या हिशोबाने २० म्हणजे २० ची मध्यरात्र, म्हणजे मी उशीर केला असंच होतं का? सेक्रेटरी नेमकं हेच म्हणतात.

---

विदागार

ताई, नाही. तो हिशोब डेटाबेसपुरता आहे. संगणकाला वेळ दिली नाही तर तो शून्य धरतो. माणसांच्या नोटिशीत २० तारीख म्हणजे २० चा सबंध दिवस.

---

वकिली_बाणा

निशिगंधताई, कायद्यात टोकांचा विचार झालेला आहे. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ९ प्रमाणे केंद्रीय अधिनियमात दिवसांची मुदत सांगताना "पासून" हा शब्द वापरला की पहिला दिवस वगळला जातो आणि "पर्यंत" वापरला की शेवटचा दिवस धरला जातो. म्हणजे तिथंही दोन टोकांना वेगळी वागणूक आहे, फक्त विदागार यांच्या पद्धतीच्या उलट बाजूने. पण हे कलम अधिनियमांसाठी आहे, तुमच्या संस्थेची नोटीस त्याने आपोआप बांधली जात नाही. शिवाय "दरम्यान" या शब्दाबद्दल ते काही सांगत नाही.

तुमच्या बाजूने मोठी गोष्ट ही की नोटिशीत "२० तारखेनंतर दंड" असं स्वतंत्र वाक्य आहे. त्याने २० आत येते, यात मला शंका नाही. खरा वाद वेगळा आहे: पैसे भरले कधी म्हणायचं, तुमच्या खात्यातून गेले तेव्हा की त्यांच्या खात्यात दिसले तेव्हा. व्यवहाराची वेळ दाखवणारी पावती जपून ठेवा आणि पत्र लेखी द्या. निकाल काय लागेल हे नोटीस न वाचता सांगणं योग्य नाही.

---

नदीकाठ

तारखेचं पूर्ण समजलं. क्वेरी बदलली, ४७ नंबरच्या २० नोंदी आणि २१४.५ लिटर बरोबर आले. आता प्रोत्साहनाकडे वळू या का? `tappe` टेबलमध्ये `pasun`, `paryant` आणि `dar` असे कॉलम आहेत. ओळी तीन ठेवल्यात: 0-10, 10-20, 20-30. कुणाचंही एका वेळचं दूध ३० पर्यंत जात नाही. जोडणी अशी:

```sql
FROM sankalan s JOIN tappe t
ON s.liter BETWEEN t.pasun AND t.paryant
```

२०.० लिटर भरलेल्या ५ नोंदी सापडल्या. पाचच आहेत, मग हाताने दुरुस्त केल्या तर चालेल?

---

विदागार

हाताने दुरुस्त करू नका, आधी मोजा. ११ ते २० मे च्या नोंदी जोडणीशिवाय किती आणि जोडणीसकट किती? दोन्ही COUNT इथे टाका. प्रत्येक नोंद एकाच टप्प्यात बसली पाहिजे, म्हणजे दोन्ही आकडे सारखेच यायला हवेत.

---

नदीकाठ

जोडणीशिवाय २,२१४. जोडणीसकट २,२३७. म्हणजे २३ जास्त. पण २०.० वाल्या तर ५ च आहेत. बाकीच्या १८ कुठून आल्या?

---

विदागार

१०.० लिटरच्या नोंदी मोजा.

---

नदीकाठ

१८!

पण कुणाचीच तक्रार आली नाही, आणि रकमेतही काही वावगं दिसलं नव्हतं.

---

विदागार

दिसणार कसं? १०.० लिटर 0-10 मध्येही बसला आणि 10-20 मध्येही. पहिल्या टप्प्याचा दर शून्य, दुसऱ्याचे २ रुपये ५० पैसे. बेरीज अडीच रुपयेच, ती वरच्या टप्प्याच्या रकमेएवढीच दिसते. चूक २०.० वर झाली तशीच १०.० वरही झाली, फक्त पैशात उमटली नाही. लिटरच्या बेरजेत मात्र उमटली असणार. याच जोडणीतून एकूण लिटरचा रिपोर्ट काढत असाल तर त्यात १८ वेळा १० आणि ५ वेळा २०, म्हणजे २८० लिटर जास्त दिसत असतील.

आणखी एक. कुणीतरी सुचवेल की टप्पे 0-9.9, 10-19.9, 20-29.9 असे लिहा. आज काटा एक दशांश दाखवतो तोवर ते बरोबर चालेल. काटा बदलून दोन दशांशाचा आला आणि दूध १९.९५ भरलं, की ती नोंद कुठल्याच टप्प्यात बसणार नाही आणि या जोडणीत ती गुपचूप गळेल. तेव्हा COUNT कमी येईल. जास्त आला तर टप्पे एकमेकांवर चढलेत, कमी आला तर मधे फट आहे.

---

गणितमास्तर

विदागार, आता तुमचा मुद्दा पटला. मी BETWEEN ला वर्गाची भाषा लावली, ते चुकलं. पण या टप्प्यांना सलग वर्गांचीच रीत लागते ना? खालची मर्यादा धरायची, वरची सोडायची. २०.० गेला 20-30 मध्ये.

---

विदागार

रीत तीच, मास्तर:

```sql
ON s.liter >= t.pasun AND s.liter < t.paryant
```

पण २० कुठल्या बाजूला टाकायचा हे मी किंवा तुम्ही ठरवू शकत नाही. तो संस्थेचा पैसा आहे. नदीकाठ, प्रोत्साहनाचा ठराव काय शब्दांत झालाय? "२० लिटर व त्याहून अधिक" असेल तर वरची क्वेरी बरोबर. "२० लिटरपर्यंत २५ पैसे" असेल तर २० खालच्या टप्प्यात जातो आणि चिन्हं बदलतात: `s.liter > t.pasun AND s.liter <= t.paryant`. दोन्हींत COUNT २,२१४ च येईल, म्हणून मोजणीवरून हे कळणार नाही. शब्दच बघावे लागतील.

---

पुस्तकपेटी_फोंडा

आमच्या ग्रंथालयाच्या वाचक यादीत मला असाच प्रकार दिसतोय. आडनावं `BETWEEN 'क' AND 'ग'` मागितली तर कामत, खांडेकर येतात, पण गावकर, गायकवाड एकही येत नाही. दोन्ही टोकं धरतात ना? मग "ग" का गेला?

---

विदागार

तोच २० तारखेचा प्रकार आहे. "ग" हे टोक धरलंय, पण ते नुसतं एका अक्षराचं आडनाव. "गावकर" कोशाच्या क्रमाने "ग" च्या नंतर येतं, जसं सकाळी ६:४० मध्यरात्रीच्या नंतर. `aadnav >= 'क' AND aadnav < 'घ'` लिहा. "ग" ने सुरू होणारी सगळी येतील.

---

पुस्तकपेटी_फोंडा

आली. गावकरच २२ निघाले. देव बरें करूं.

---

नदीकाठ

आज सचिवांना भेटलो. ठरावाची वही काढली. मूळ वाक्य असं: "१० ते २० लिटर दूध घालणाऱ्यास २५ पैसे व २० ते ३० लिटर दूध घालणाऱ्यास ५० पैसे प्रतिलिटर प्रोत्साहन द्यावे." म्हणजे ठरावातच २० दोन्हीकडे आहे. सचिव म्हणाले, उत्पादकाच्या बाजूने धर, ५० पैसे दे. चेअरमनांचं म्हणणं, संचालक मंडळासमोर ठेवल्याशिवाय नको. पुढची सभा होईपर्यंत त्या ५ नोंदींना २५ पैशांनी ५ रुपये धरलेत आणि वरचा फरक बाकी म्हणून लिहून ठेवलाय.

१०.० लिटरच्या १८ नोंदींचंही तेच होणार. ठरावात १० लिटरचा उल्लेख एकदाच आहे, "१० ते २०" मध्ये, म्हणून त्यांना अडीच रुपये देण्याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण २० साठी चिन्ह एका बाजूने फिरवलं तर १० चंही फिरतं, हे मंडळाला समजावून सांगावं लागेल. "१० पासून, २० धरून" असं ठरलं तर क्वेरी कशी लिहायची?

दुसरं, पाऊलवाट यांच्या सूचनेवरून मागची बिलं तपासली. जुना ऑपरेटर २१ तारीख लिहायचा. २१ मार्चला सकाळी ६ नोंदी हाताने भरलेल्या आहेत, आणि त्या सहाही दोन्ही बिलांत आल्यात. सहा सभासदांना त्या एका वेळच्या दुधाचे पैसे दोनदा गेलेत. आता वळते करून घ्यायचे की सोडून द्यायचे, हेही सभेत येईल. तोवर त्या सहा जणांना मी स्वतः जाऊन सांगणार आहे. बिलात अचानक कपात दिसली तर त्यांना ते फसवल्यासारखं वाटेल.

---

विदागार

सांगायला जाताय ते चांगलं करताय. कार्ड आणि दोन्ही बिलं सोबत न्या.

चिन्हांचं म्हणाल तर "१० पासून, २० धरून" असं ठरलं तर एकच चिन्ह सगळ्या टप्प्यांना चालणार नाही. 0-10 ला १० सोडावा लागेल, 10-20 ला दोन्ही टोकं धरावी लागतील, 20-30 ला २० सोडावा लागेल. मग सोपा मार्ग हा की `tappe` मध्ये आणखी दोन कॉलम करा, खालचं टोक धरायचं की नाही आणि वरचं धरायचं की नाही. सभेचा निर्णय आला की इथेच टाका, जोडणी मिळून लिहू. आणि हाताने भरायच्या फॉर्ममध्ये सकाळ की संध्याकाळ हे तरी विचारायची सोय करता येते का बघा.

---

नदीकाठ

फॉर्मचं आजच करतो. सकाळ निवडली की 06:00, संध्याकाळ निवडली की 18:00. सभा झाली की कळवतो.